९ फूट ३ इंच छताखाली लॉफ्ट बेड : खाली आणि वर किती उंची सोडावी?

धनकवडीकर
नमस्कार मंडळी. धनकवडीत आमचा वन बीएचके आहे. जुलैपासून माझा भाचा इंजिनिअरिंगसाठी आमच्याकडे राहायला येतोय. १० बाय १० ची बेडरूम त्याला द्यायची आणि आम्ही दोघं हॉलमध्ये सोफा-कम-बेडवर, असं ठरलंय. पण आमचं कपाट आणि सासूबाईंचं शिलाई मशीन त्याच खोलीत राहणार, त्यामुळे पलंग टाकला की टेबलाला जागाच उरत नाही. म्हणून वर झोपायचं, खाली अभ्यासाचं टेबल, असा लॉफ्ट बेड करून घ्यायचा विचार आहे.

फरशी ते छत ९ फूट ३ इंच भरतं. फॉल्स सीलिंग नाही. भाच्याची उंची ५ फूट ९ इंच. सुतार म्हणतो, "ताई, खाली पूर्ण सहा फूट सोडतो, म्हणजे डोकं लागायचं नाही." मला वर किती उरेल याची धास्ती आहे. कुणी करून घेतलंय का? कमीत कमी किती उंची लागते?

गूळपोळी
आमच्याकडे माळा आहे, दारावर, साडेसहा फुटांवर. गौरी-गणपतीची मखरं, मोठी पातेली, दिवाळीचे आकाशकंदील सगळं त्यावर मावतं. दोन फूट उंची पुरते, जास्त ठेवू नका, नाहीतर मागचं सामान काढायला आत रांगत जावं लागतं.

तळजाई
गूळपोळीताई, त्यांचा भाचा झोपणार आहे त्यावर, मखर नाही. :)

नियमबुवा
असं काही करण्याआधी नियम बघा. युनिफाइड डीसीपीआर (डिसेंबर २०२०, पुण्यालाही लागू) प्रमाणे राहण्याच्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर पाहिजे आणि मेझनाइन करायचा तर वर २.२ मीटर, खाली २.२ मीटर. मधला स्लॅब धरला तर १५ फूट झाले. तुमच्याकडे सव्वानऊ आहेत. म्हणजे हे बेकायदेशीर ठरेल. सोसायटीची नोटीस येईल.

ओळंबा
नियमबुवा, आकडे बरोबर आहेत, पण ते मेझनाइनचे, म्हणजे बांधलेल्या मजल्याचे. भिंतीत तुळया घालून, वर प्लाय किंवा फरशी टाकून कायमचा अर्धा मजला केला, तर ते बांधकाम झालं. त्याला महापालिकेची परवानगी लागते आणि साध्या फ्लॅटमध्ये ती मिळायचा प्रश्नच नाही, उंचीच नसते. चार पायांवर उभा राहणारा, उद्या नटबोल्ट सोडून टेम्पोत घालता येईल असा लॉफ्ट बेड म्हणजे फर्निचर. तिथे उंचीचा हिशोब कायद्याचा नाही, माणसाच्या शरीराचा आहे.

धनकवडीकर, मी फॅब्रिकेशन आणि इंटिरिअरची कामं करतो, असे बेड बरेच बसवलेत. तुमचा सुतार खालून मोजतोय. मोजायला वरून सुरुवात करायची. आधी एक करा. भाच्याला फरशीवर, भिंतीला पाठ टेकवून, ताठ बसवा. डोक्यावर पुस्तक आडवं धरून भिंतीवर पेन्सिलची खूण करा आणि ते माप इथे लिहा. ५ फूट ९ इंचाच्या माणसाचं साधारण ३६ इंच येतं, पण पाय लांब असलेल्यांचं कमीही येतं. तेच माप सगळं ठरवणार आहे.

अभ्यासिका
मी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससीची तयारी केली. मालकाने लोखंडी दोन मजली कॉट लावल्या होत्या, मला वरची. छत इतकं जवळ की बसता यायचं नाही. सगळ्यांना वाटतं झोपायलाच तर आहे, बसून काय करायचं. पण सकाळी उठताना आधी माणूस बसतो. पांघरूण घडी करायला बसतो. रात्री खोकला आला तर बसतो. तिथे बसता आलं नाही की कुशीवर वळायचं, कोपरावर यायचं, मग पाय शिडीकडे सरकवायचे. सहा महिन्यांत मान धरली. त्यामुळे ओळंबांना +१, वरची उंची आधी.

धनकवडीकर
भाचा गेल्याच आठवड्यात फॉर्म भरायला आला होता, पण तेव्हा हे डोक्यात नव्हतं. ताईला फोन करून माप घ्यायला सांगितलं. साडेपस्तीस इंच आलं.

ओळंबा
छान. आता हिशोब करू. तुमचे ९ फूट ३ इंच म्हणजे १११ इंच.

साडेपस्तीसला वर साडेतीन इंच मोकळे द्या. बसताना माणूस थोडा उसळतो, केस असतात, उशीवर बसतो. झाले ३९. १११ मधून ३९ गेले, राहिले ७२. म्हणजे गादीचा वरचा पृष्ठभाग फरशीपासून ६ फुटांवर. तुमचा सुतार ६ फुटांवर गादीचा वरचा भाग नाही, चौकटीची खालची कड ठेवतोय. त्याच्या हिशोबाने चौकट आणि प्लाय ३ इंच, गादी ५ इंच, म्हणजे झोपायची जागा ८० इंचांवर गेली आणि वर ३१ उरले. तुमचा भाचा तिथे बसूच शकणार नाही, साडेचार इंच कमी पडतात.

आता उलटं खाली या. ७२ मधून गादीचे ५ आणि चौकट-प्लायचे ३ वजा केले की खाली ६४ इंच, म्हणजे ५ फूट ४ इंच. चौकटीला दोन इंची चौकोनी पाइप आणि वर पाऊण इंची प्लाय धरलाय. लाकडी चौकट केली तर बाजूची फळी चार-पाच इंची लागते, तेवढं खाली जाल. कमी उंचीत लोखंड बरं ते यासाठी.

तळजाई
म्हणजे ५ फूट ९ इंचाच्या मुलाला ५ फूट ४ इंचाखाली चार वर्षं काढायची? वाकून? त्यापेक्षा रात्री फरशीवर गादी घाला, सकाळी गुंडाळून कपाटावर टाका. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या असंच झोपत आलेत. खर्चही शून्य.

ओळंबा
तळजाई, खाली उभं राहायचंच नसेल तर ५ फूट ४ इंच अडचण नाही. खुर्चीची बैठक १८ इंच, वर त्याचे साडेपस्तीस, म्हणजे बसल्यावर डोकं साडेत्रेपन्न इंचांवर. चौकटीपर्यंत दहा इंच मोकळे आहेत. त्रास होतो तो खुर्चीवरून उठताना. उठताना माणूस आधी पुढे झुकतो, मग वर येतो, आणि टाळू बरोबर पुढच्या पाइपवर बसते.

यावर उपाय टेबलाच्या जागेत आहे. बहुतेक जण टेबल भिंतीला चिकटवतात. बेड ३ फूट रुंद, टेबल २ फूट खोल, म्हणजे बसणाऱ्याचं डोकं नेमकं पुढच्या कडेखाली येतं. त्याऐवजी टेबल पुढे ओढा, बेडच्या बाहेरच्या कडेला लावा. टेबलामागे भिंतीपर्यंत एक फूट उरेल, तिथे पुस्तकांचे कप्पे करा. मग खुर्ची बेडच्या पूर्ण बाहेर राहते, मुलगा खोलीत बसतो आणि खोलीतच सरळ उभा राहतो. बेडखाली फक्त त्याचे हात, पुस्तकं आणि दिवा. खालच्या पाइपच्या आतल्या बाजूला एलईडी पट्टी लावा, नाहीतर टेबलावर बेडची सावली पडेल.

शनिवारातली
आमच्या वाड्याला पोटमाळा होता. मध्यभागी आढ्याखाली आजी मांडी घालून बसू शकायची, कडेला कौलांपर्यंत जेमतेम हातभर. उन्हाळ्यात दुपारी वर पाय ठेवता यायचा नाही, कौलं तापलेली. पण पानशेतच्या पुरात, १९६१ साली, धान्य आणि घरचे जुने कागद तेवढे त्या पोटमाळ्याने वाचवले, असं आजोबा सांगायचे. धाग्याशी संबंध नाही, पण माळा म्हटलं की आठवतंच.

धनकवडीकर, तुमचा फ्लॅट शेवटच्या मजल्यावर आहे का? असेल तर छताजवळ झोपण्याबद्दल नीट विचार करा.

धनकवडीकर
हो, वरचाच मजला. त्याच्यावर गच्ची. एप्रिलमध्ये रात्री अकरालाही स्लॅब गरम लागतो.

ओळंबा
मग ती खरी अडचण आहे. दिवसभर गच्ची तापते, ती उष्णता स्लॅबमधून हळूहळू खाली येते आणि रात्री झोपायच्या वेळी छताचा खालचा भाग सगळ्यात जास्त तापलेला असतो. फरशीवर झोपणाऱ्याला तो आठ-नऊ फुटांवर असतो, तुमच्या भाच्याला तीन फुटांवर. वर गरम हवाही छताशीच साचते. गच्चीवर पांढरा उष्णतारोधक रंग किंवा चायना मोझॅक केलं तर बराच फरक पडतो, पण गच्ची सोसायटीची, तिथे परवानगी घ्यावी लागेल.

रास्तापेठी
पांढऱ्या रंगाचा आमच्याकडे पहिल्या वर्षी फरक पडला, दुसऱ्या पावसाळ्यानंतर शेवाळ आणि धुळीने काळा झाला. दरवर्षी धुवायची तयारी असेल तर करा. मी तर म्हणेन शेवटच्या मजल्यावर लॉफ्ट बेड नकोच.

ओळंबा
रास्तापेठी, धुवावा लागतो हे खरं. पण मार्चअखेर ते जूनची सुरुवात सोडली तर पुण्यात रात्री गार असतात. तेवढे दिवस तो खाली गादी घालू शकतो. इथे ज्याचं त्याने ठरवावं.

माझी काळजी दुसरीच आहे. धनकवडीकर, खोलीच्या मध्यभागी छताचा पंखा आहे ना?

धनकवडीकर
हो, साधा ४८ इंची. त्याचं काय? वारा तर जवळून मिळेल.

ओळंबा
त्याचंच सगळ्यात जास्त आहे. उंचीच्या नादात हेच राहून जातं.

तुमची खोली १० फूट रुंद. पंखा मध्यभागी, म्हणजे भिंतीपासून ५ फुटांवर. ४८ इंची पंख्याचं पातं मध्यापासून २ फूट जातं. म्हणजे पात्याचं टोक भिंतीपासून बरोबर ३ फुटांवर, आणि तुमच्या बेडची कड पण ३ फुटांवर. एकाच्या वर एक.

आता उंची बघा. पाती छतापासून साधारण फूटभर खाली असतात, म्हणजे फरशीपासून ९९ इंचांवर. खोलीत उभ्या माणसाला ते ठीक आहे, सव्वाआठ फूट. पण गादी ७२ वर आहे, तिथून पाती २७ इंच वर. बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या किंचित वर, मानेशी. मुलगा बसला, आळस द्यायला हात बाजूला पसरला, की हात पंख्यात. उठून चादर झटकली, की चादर पात्यात अडकून ओढली जाणार.

पंख्याचा दांडा कापून पाती छताजवळ नेऊ म्हणतात काही जण. त्याने पातं डोक्याच्या उंचीवर येतं, धोका जात नाही, आणि छताशी चिकटलेल्या पंख्याला वरून हवाच मिळत नाही. तो पंखा तिथून काढावाच लागेल.

सई_ब
बाप रे. आमच्या ओळखीत एकांनी असाच बेड केलाय, पंखा मध्येच आहे, आणि त्यांची मुलगी सात वर्षांची. आजच फोन करते. त्यांनी कठडाही फक्त चार बोटं ठेवलाय. मुलांसाठी किती उंच हवा?

ओळंबा
सई, फोन जरूर करा, आणि तोवर खोलीतला पंखा बंदच ठेवायला सांगा.

कठडा नेहमी गादीच्या वर मोजायचा, चौकटीच्या वर नाही. अमेरिकेत दोन मजली बेडच्या नियमात गादीच्या वर किमान ५ इंच धरतात, गजांमधली फट साडेतीन इंचांपेक्षा मोठी नको म्हणतात, आणि सहा वर्षांखालचं मूल वरच्या बेडवर झोपवू नका असं सांगतात. मी मोठ्यांसाठीसुद्धा १० ते १२ इंच करतो. आणि एक पाहिलंय : बेड करताना ४ इंची गादी असते, वर्षभराने घरचे ८ इंची फोमची आणतात. गादी चार इंच वर आली, तेवढा कठडा खाली गेला आणि वरची डोक्याची जागाही तेवढीच कमी झाली. म्हणून चौकटीवरच रंगाने खूण करून ठेवतो, गादी याच्या वर नको.

नियमबुवा
मेझनाइन आणि फर्निचरमधला फरक मान्य. पण स्लॅबवर इतका भार? चार पायांवर लोखंड, प्लाय, माणूस?

ओळंबा
घराचा स्लॅब दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो धरून डिझाइन करतात. बेड, गादी आणि माणूस मिळून १६०-१७० किलो, आणि जागा जवळपास पावणेदोन चौरस मीटर. भरलेलं पुस्तकांचं कपाट याहून जड असतं. पायांखाली चार इंची लोखंडी पट्ट्या आणि रबर द्या, म्हणजे टाइल फुटत नाही.

भारापेक्षा हलणं जास्त सतावतं. उंच चौकट माणूस कुशीवर वळला की डुलते. भिंतीला दोन-तीन ठिकाणी बांधा. आधी भिंत कसली आहे ते बघा. ड्रिलची भुकटी लाल निघाली तर वीट, तिथे अँकर फास्टनर चालतो. पांढरट निघाली आणि ड्रिल भसकन आत गेलं तर सिपोरेक्स ब्लॉक. त्यात साधा फास्टनर आज घट्ट बसतो आणि काही महिन्यांत सैल होतो, कारण ब्लॉक आतून चुरतो. तिथे लांब खास प्लग किंवा केमिकल अँकर वापरा, नाहीतर चौकटीलाच तिरप्या पट्ट्या मारा.

तळजाई
पंखा काढल्यावर मुलाला आणि खाली टेबलाला वारा कुठून? वरचा मजला, तापलेला स्लॅब आणि पंखाही नाही. माझं मत अजून फरशीवरच्या गादीचंच आहे.

ओळंबा
दोन मार्ग आहेत. पहिला, लहान ३६ इंची पंखा, समोरच्या भिंतीकडे सरकवून. बेडच्या भिंतीपासून ७ फुटांवर त्याचा मध्य ठेवला तर पातं बेडच्या कडेपासून अडीच फूट लांब राहतं आणि समोरच्या भिंतीपासून दीड फूट. पण अडीच फूट म्हणजे जवळपास हाताची लांबी, बाहेर वाकला तर पोचतोच. शिवाय नवा हुक स्लॅबमध्ये घ्यायचा म्हणजे छत फोडणं आलं, वरच्या मजल्यावर ते गळतीला आमंत्रण.

दुसरा, जाळीचे दोन भिंतीवरचे पंखे. एक बेडच्या पायथ्याकडे, गादीपासून थोडा वर, एक खाली टेबलाकडे. वायरिंग पट्टीतून नेता येतं. आवाज थोडा जास्त, पण हात जाळीत जात नाही. मी हाच सुचवतो.

अभ्यासिका
आवाजाचं मात्र लक्षात घ्या. भिंतीवरचा पंखा डोक्याशी घुरघुरत असला की मला वाचता यायचं नाही. पायथ्याकडेच लावा.

धनकवडीकर
सगळ्यांचे आभार. आज यजमान आणि मी खोलीत पुन्हा टेप लावला. फरशीपासून ५ फूट ४ इंचांवर सुतळी बांधून बेडची चौकट आखली, आणि एक गोष्ट सापडली. खिडकीच्या भिंतीला बीम आहे, तो छतापासून फूटभर खाली येतो आणि भिंतीच्या बाहेर चार इंच. बेडचं डोकं आम्ही खिडकीकडे धरलं होतं, वाऱ्यासाठी. तिथे छत ८ फूट ३ इंचच भरतं.

ओळंबा
बरं झालं सुतळी बांधलीत. बीमखाली गादीपासून २७ इंच उरतात. झोपायला चालेल, पण दचकून उठला तर कपाळ बीमच्या कोपऱ्यावर. डोकं दुसरीकडे फिरवा, खिडकीकडे पाय येऊ द्या. पाय बीमखाली गेले तर काही बिघडत नाही. शिडी मात्र पायथ्याकडे नको. तिथे वर चढताना बीम आडवा येईल. लांब बाजूला, डोक्यापासून दोनेक फूट सोडून लावा, म्हणजे बसूनच वळता येतं. उभी शिडी नको. खाली दीड फूट बाहेर येऊ द्या, उतरताना टाच टेकते.

धनकवडीकर
दीड फूट शिडी आणि त्याच बाजूला खुर्ची. टेबल चार फुटी केलं तर बसेल असं दिसतंय. सुतार नको, फॅब्रिकेटरकडेच जाते. उन्हाचा प्रश्न मात्र आमच्या घरात अजून सुटलेला नाही. यजमान रास्तापेठींच्या बाजूचे आहेत.

शनिवारातली
भाच्याला विचारलंत का? त्याला वर झोपायला आवडेल ना?

धनकवडीकर
विचारलं. त्याला उंचीची भीती नाही, पण रात्री अकरानंतर मामा टीव्ही लावणार का, एवढंच त्याने विचारलं.

कात्रजघाट
धागा उशिरा वाचला. आमच्या नव्या फ्लॅटमध्ये पीओपीनंतर ८ फूट ७ इंचच उरलेत. माझी मुलगी दहावीत आहे, बसून ३२ इंच. आम्हाला जमेल का?

ओळंबा
८ फूट ७ इंच म्हणजे १०३. त्यातून ३२ आणि वर साडेतीन गेले, साडेसदुसष्ट राहिले. गादी ४ इंची घ्या, चौकट ३. खाली साडेसाठ, म्हणजे ५ फूट आणि अर्धा इंच. बाहेर ओढलेल्या टेबलाला पुरतं. पण तिची उंची अजून वाढायची असेल तर दोन इंच आत्ताच खालून कमी करा. बेड एकदा वेल्ड झाला की मग खाली घेता येत नाही, पाय नटबोल्टचे आणि भोकं दोन-दोन इंचांवर करून घेतली तरच येतो. आणि पंख्याचं माप सांगा, भिंतीपासून किती लांब आहे ते.

कात्रजघाट
उद्या मोजून टाकतो. नटबोल्टचेच पाय करून घेतो.